पोटॅशियमची चौकट

मी शिकवण्या घेत नाही. हे मी बारामतीत ज्याला त्याला सांगून ठेवलंय, कारण बीएस्सी केमिस्ट्री झालेली बाई म्हटलं की लोक आपापली पोरं घेऊन दारात उभे राहतात. माझं काम माती तपासायचं. एमआयडीसीच्या रस्त्याला आमची छोटी प्रयोगशाळा आहे, आणि बावीस वर्षं मी तिथं लोकांची शेतं पिशव्यांत भरून आलेली बघतेय. मातीचं एक बरं असतं, ती उलट प्रश्न विचारत नाही.

त्या बुधवारी सकाळी लासुर्ण्याचे दिग्विजयराव माती घेऊन आले. त्यांची पाच एकर, तीन उसाची आणि दोन डाळिंबाची. सोबत त्यांची मुलगी होती, शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या, हातात बापाचा मोबाईल. मी आधी पिशवी उघडली. माती ओली होती आणि तिच्यात शेणखताच्या गुठळ्या दिसत होत्या.

"कुठनं काढली ही?" मी विचारलं.

"बांधाकडनं. तितं जरा भुसभुशीत हाय, खोऱ्या लगेच बसतो."

"म्हणजे खताचा ढीग जिथं टाकता तिथून. दिग्विजयराव, ही तुमच्या शेताची माती नाही, ही तुमच्या आळसाची माती आहे."

ते हसले. माझ्या बोलण्याची त्यांना सवय आहे. मी त्यांना नेहमीची टकळी ऐकवली. बांध सोडायचा, झाडाखालची जागा सोडायची. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खड्डा घ्यायचा, प्रत्येक खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एका घमेल्यात कालवायची, गोणपाटावर पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं करत करत अर्धा किलो राहिली की ती आणायची.

"पण मग ती माती नेमकी कुठल्या जागेची?" मुलीनं विचारलं.

"कुठल्याच जागेची नाही. सगळ्या शेताची," मी म्हटलं आणि पिशवी परत दिली.

एवढ्यावर ते जायला हवे होते. पण दिग्विजयराव घुटमळले. "मॅडम, हिचं एक काम हुतं. सृष्टी, दाव की फोटू."

सृष्टी नववीत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता लावलेला आहे. सरांनी प्रत्येकाला त्यातली एकेक चौकट फोटो काढून पाठवली होती. शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकानं आपल्या चौकटीवर पाच मिनिटं बोलायचं, आणि त्यातून एकाला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाठवणार. आवर्त सारणी खरं तर दहावीला असते, पण सर हौशी होते.

"तुझ्या सरांना विचार की."

"विचारलं. जेवढं लिहिलंय तेवढं पाठ कर म्हणाले. त्यांना बासष्ट मुलं आहेत." मग ती पुढं म्हणाली, "पण मागच्या वर्षी पण मी पाठ केलं होतं. पाहुण्यांनी पाठाबाहेरचं एक विचारलं आणि मी रडत खाली आले. या वर्षी मी स्वतःच नाव दिलंय."

हे तिनं अगदी सरळ सांगितलं, दया मागत नव्हती. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून जरा चिडायलाही झालं. बाहेर सहा जण पिशव्या घेऊन बसले होते. "दहा मिनिटं," मी म्हटलं.

फोटो वाकडा होता, कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा डाग. पण चौकट वाचता येत होती. वर १९. मध्ये मोठा के. त्याखाली पोटॅशियम, मग ३९.१०, आणि तळाला २, ८, ८, १. उभ्या रांगेच्या डोक्यावर थोडा कापला गेलेला एक आकडा: गण १.

"तयारी काय केलीस दाखव."

तिनं पिशवीतून घडी घातलेला मोठा कागद काढला. सुबक अक्षर, कडेला वेलबुट्टी. आणि बरोबर मध्यभागी, डिंकानं चिकटवलेला, खताच्या गोणीचा कापलेला तुकडा: १९:१९:१९. त्याखाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'पोटॅशियमचा अणुअंक १९ आहे, म्हणून खतात ते १९ टक्के घालतात.'

"ह्ये माझं," दिग्विजयराव म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "ती म्हणली एकोणीस कशाचं, मी म्हणलं अगं आपुन ठिबकमधनं सोडतोय की एकोणीस-एकोणीस. गोणी मीच कापली."

आता बघा, आमच्या भागात दुसरं कोण काय समजणार. इथं एकोणीस म्हटलं की दुकानदार न विचारता पंचवीस किलोची गोणी काढतो. दुसऱ्या गावचं पोर ही चूक करूच शकलं नसतं. पण चूक ती चूक. आणि ती बापासमोर सांगायची होती.

मी कसलीही मलमपट्टी न करता सांगितलं. "हे चूक आहे. खोडून टाका."

दिग्विजयरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे खाली गेले. सृष्टी मात्र कागदाकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं झीरो-झीरो-पन्नास पण हाय ना? डाळिंबाला सोडतो ते."

"हाय की."

"त्याच्यातलं शेवटचं पण पोटॅशच. मग एकीकडं एकोणीस आणि एकीकडं पन्नास कसं? चौकटीतला आकडा तर बदलत न्हाय."

मी खुर्ची ओढून बसले. एखाद्याला चूक दाखवणं सोपं असतं, माझा तर तो धंदाच आहे. पण चूक कळल्याबरोबर आपल्याच शेडमधली दुसरी गोणी आठवून ती तपासून बघणं, हे मी शिकलेल्या लोकांतही फार पाहिलेलं नाही. दहा मिनिटांची गोष्ट मी त्याच क्षणी विसरले.

"गोणीवरचा आकडा माणसानं ठरवलेला," मी म्हटलं. "कारखान्यानं किती मिसळलं त्याचा. आणि खरं सांगायचं तर ते एकोणीस टक्के निव्वळ पोटॅशियमसुद्धा नाही. पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या हिशोबानं लिहायची जुनी रीत आहे. निव्वळ धरलं तर सोळाच्याही थोडं आतच भरतं. चौकटीतला एकोणीस मात्र कुणी ठरवलेला नाही. पोटॅशियमच्या प्रत्येक अणूच्या मध्यात, केंद्रकात, एकोणीस प्रोटॉन असतात. तुमच्या मातीतल्या, केळ्यातल्या, तुझ्या रक्तातल्याही. अठरा झाले तर तो आर्गॉन, वीस झाले तर कॅल्शियम."

"म्हणजे एकोणीस हीच त्याची ओळख."

"हो. तेवढा एक आकडा बदलत नाही. आणि जेवढे प्रोटॉन तेवढेच बाहेर इलेक्ट्रॉन."

"मग के का? पोटॅशियमला पी पाहिजे."

"पी फॉस्फरसनं आधीच घेतलाय. याचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणून के. गोणीवर एन, पी, के लिहितात त्यातला शेवटचा."

ती लिहून घेत नव्हती. नुसती ऐकत होती आणि मध्येच बोटांवर काहीतरी मोजत होती. तळाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "दोन, आठ, आठ, एक. बेरीज एकोणीस येते, म्हणजे हे ते इलेक्ट्रॉन. पण पुस्तकात लिहिलंय तिसऱ्या कवचात अठरा मावतात. मग आठावर थांबून एकटा चौथ्यात का गेला? दोन, आठ, नऊ का नाही?"

"सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर इलेक्ट्रॉन बसत नाहीत. नववा तिसऱ्यात घातला तर तिसरंच बाहेरचं, आणि त्यात नऊ झाले. ते चालत नाही. त्याला चौथ्यात बसणं कमी ऊर्जेचं पडतं, म्हणून तो तिकडं जातो."

"मग तिसऱ्यातल्या दहा जागा रिकाम्याच राहतात?"

"पोटॅशियमच्या राहतात. पुढच्या कॅल्शियमच्याही, त्याच्या चौथ्यात दोन. त्याच्या पुढच्यापासून तिसरं कवच परत भरायला लागतं. तेव्हा ते बाहेरचं राहिलेलं नसतं ना."

तिनं मान डोलावली, पण लगेच नाही. आधी मनात मांडून बघितलं, मगच. दिग्विजयराव इतका वेळ उभेच होते. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नव्हतं.

"या, तुम्हाला तो शेवटचा एक दाखवते," मी म्हटलं.

आमच्याकडे मातीतलं पोटॅश मोजायचं यंत्र आहे, फ्लेम फोटोमीटर. नाव मोठं, काम साधं. मातीतून काढलेलं पाणी बारीक फवारा होऊन गॅसच्या ज्योतीत जातं आणि ज्योतीचा उजेड यंत्र मोजतं. पुढे एक छोटी काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. मी आधी नुसतं शुद्ध पाणी लावलं. ज्योत निळी. मग पोटॅशियमचं द्रावण लावलं.

सृष्टी काचेला जवळजवळ नाक लावून बसली. "फिक्कट जांभळी झाली."

"तो तुझा चौथ्या कवचातला. एकटा, बाहेर, सैलसर धरलेला. ज्योतीच्या उष्णतेनं तो वरच्या पातळीवर उडी मारतो, आणि परत खाली येताना घेतलेली ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. जितके अणू जास्त, तितका उजेड जास्त. तुमच्या अहवालात पोटॅशचा जो आकडा छापतो तो या उजेडावरून."

मग मी चिमूटभर मीठ पाण्यात विरघळवून लावलं. ज्योत झणझणीत पिवळी झाली. "हे सोडियम. अणुअंक अकरा. त्याचं संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनची मांडणी, सांग."

"दोन, आठ..." ती थांबली. "एक. ह्याच्या पण शेवटी एकच. म्हणून दोघं एका उभ्या रांगेत? गण एक म्हणजे बाहेर एक?"

"त्या रांगेत सगळ्यांच्या बाहेर एकेकच. म्हणून सगळे स्वभावानं सारखे, तो एक देऊन टाकायला टपलेले. पण उडीची उंची प्रत्येकाची वेगळी, म्हणून रंग वेगळा."

दिग्विजयराव पुढे आले, काचेतून बघितलं, पुन्हा बघितलं. "वीस वर्सं पोटॅश टाकतोय," ते म्हणाले. "आज तोंड बघितलं त्याचं."

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. सहाचे नऊ जण झाले होते आणि एक जण मोटारसायकलचा हॉर्न देत होता. मी यंत्र बंद करायला उठले. तेव्हा सृष्टीनं फोटोतल्या राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, आणि ३९.१०?"

"ते वस्तुमान. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची बेरीज. एकोणचाळीसातून एकोणीस गेले, वीस न्यूट्रॉन."

"पण पॉइंट दहा?"

"एकोणचाळीसच धर. पुढचं सोड."

मला ठाऊक होतं. पाच मिनिटं लागली असती. पण हॉर्न पुन्हा वाजला आणि मी ती पाच मिनिटं दिली नाहीत. ती "बरं" म्हणाली, कागदाची घडी घातली आणि दोघं गेले.

शुक्रवारभर मला तो पॉइंट दहा टोचत राहिला. दिग्विजयरावांना फोन लावावा असं दोनदा वाटलं, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीच्या डोक्यात नवं काही घालू नये अशी मी स्वतःचीच समजूत काढली. खरं कारण म्हणजे मला शरम वाटत होती. शनिवारी सकाळी मी वालचंदनगरला काम आहे असं प्रयोगशाळेत सांगितलं आणि स्कूटीवर लासुर्ण्याला गेले. वालचंदनगरला माझं काही काम नव्हतं.

शाळेच्या सभागृहात मुलं मांडी घालून बसली होती. मागे भिंतीला टेकून पालक. दिग्विजयराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. परीक्षक म्हणजे बारामतीच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले वाघमोडे सर, बारीक, पांढऱ्या मिशांचे, प्रत्येकाचं नीट ऐकणारे. सोडियमवाला मुलगा घडाघडा बोलून गेला. लोखंडवाली मध्येच विसरली तर सरांनी तिला सावरून घेतलं.

सृष्टीनं कागद टांगला. मी बघितलं आणि डोळे चोळले. गोणीचा तुकडा अजून तिथंच होता. लाल ओळही होती, फक्त तिच्यावर एक आडवी रेघ मारलेली. बाजूला तिनं झीरो-झीरो-पन्नासच्या गोणीचा तुकडा नव्यानं चिकटवला होता.

"हे खोडलंय ते झाकून का नाही टाकलं?" सरांनी विचारलं.

"ही आमची चूक आहे सर. आमच्या भागात बऱ्याच जणांची असेल, म्हणून ठेवली." मग तिनं दोन गोण्या आणि एक चौकट समोर ठेवून समजावलं, की एक आकडा माणसानं ठरवलेला असतो आणि दुसरा अणूचा स्वतःचा. मागे बसलेले दोन-तीन बापे एकमेकांकडे बघायला लागले. दिग्विजयरावांनी मला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मीच म्हणलो, ऱ्हाऊ दे. लोकांना कळंल."

ती दोन, आठ, आठ, एक बोलली. जांभळी ज्योत बोलली. गण एक बोलली. पाच मिनिटं छान गेली. वाघमोडे सरांनी चष्मा वर केला.

"प्रोटॉन अर्धा नसतो, न्यूट्रॉन अर्धा नसतो," ते म्हणाले. "मग या ३९ च्या पुढं दशांश दहा कुठून आले?"

नेमका तोच प्रश्न, आणि तो तिच्यासाठी मी उघडा सोडला होता. मागच्या वर्षी असंच झालं असणार. दिग्विजयरावांचे हात शर्टाच्या टोकाशी चाळा करत होते. मी मनातल्या मनात तिला उत्तर ओरडून सांगत होते, जसं काही ऐकू जाणार होतं.

"सर, मी जरा विचार करू का?" ती म्हणाली.

"कर की. घाई नाही."

ती कागदाकडे वळली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग तशीच, चौकटीशी बोलल्यासारखी बोलायला लागली. "एकोणीस बदलता येणार नाही. ते बदललं तर पोटॅशियमच राहणार नाही. इलेक्ट्रॉनचं वजन नसल्यासारखंच. मग बदलायला उरले न्यूट्रॉन. म्हणजे सगळ्यांत वीसच नसतील." ती वळली. "सर, काही अणूंत वीसपेक्षा जास्त असतील. थोड्याच अणूंत. कारण आकडा एकोणचाळीसच्या अगदी जवळ आहे, फक्त जडवाल्यांकडं थोडासा झुकलाय."

"आणि दशांश?"

"ते कालवल्यामुळं." सभागृहात कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. "शेतात दहा-बारा ठिकाणची माती घेतात, कालवतात, आणि मग तपासायला देतात. अहवालात एकच आकडा येतो. तो कुठल्याच एका जागेचा नसतो, सगळ्या शेताचा असतो. तसं ३९.१० वजनाचा एकही अणू नसणार. हा सगळ्या पोटॅशियमचा आकडा आहे."

वाघमोडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शंभरातले त्र्याण्णव अणू एकोणचाळीसचे, उरलेले जवळजवळ सगळे एक्केचाळीसचे," ते म्हणाले. "याला तुमच्या आठवीच्या पुस्तकात एक शब्द आहे."

"समस्थानिक," सृष्टी पुटपुटली. "हायड्रोजनचे पाठ केले होते. हे तेच आहे हे आत्ता कळलं."

"शब्द आठवला नसता तरी चाललं असतं," सर म्हणाले, आणि समोरच्या कागदावर तिचं नाव लिहून त्याखाली रेघ ओढली. बाकीची मुलं अजून बोलायची होती, पण ती रेघ मी मागून पाहिली, आणि तासाभरानं तेच नाव जाहीर झालं. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. इथं या बापलेकीशिवाय माझं कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही.

बाहेर चिंचेखाली दिग्विजयरावांनी मला गाठलं. हातात पिशवी होती. "बारा ठिकानची हाय," ते म्हणाले. "काल सांच्याला हिनंच काढाय लावली. बांधाला हात न्हाय लावू दिला."

मी पिशवीत बोटं घालून पाहिलं. कोरडी, एकसारखी, गुठळी नाही. मग मी सृष्टीकडे वळले. मला माफी मागता येत नाही, घरच्यांना ते ठाऊक आहे. तरी म्हटलं, "तो पॉइंट दहा मला सांगता येत होता. हॉर्न वाजला म्हणून मी सोड म्हटलं. चुकलं माझं."

"पण मॅडम," ती गोंधळून म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं की. पिशवी परत देताना."

मी पिशवीवर तारीख आणि गट नंबर घातला. जागा लिहायच्या रकान्यात, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, दोन शब्द लिहिले: सगळं शेत.